सात कुठून आणू?

रात्री साडेदहाला फोन आला. आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीचीच असते, त्यामुळे ठिबकचं दुकान चालवणाऱ्याला अशा वेळचे फोन नवे नाहीत. पलीकडे यावलकडचा एक केळीवाला होता, मागे मोटरीची घरघर. म्हणाला, "भाऊ, तुमचा व्हिडिओ पाहून ड्रीपला ॲसिड सोडलं. तिसरा उपाय झाला. आता चौथा लगेच करू, का थोडं थांबू?"

व्हिडिओ माझाच होता, पण चौथा उपाय कोणता ते मलाच आठवेना. विचारलं, "चौथा म्हणजे?"

"ब्लिचिंग पावडर."

मी उभाच राहिलो. नळ्यांमध्ये ॲसिड भरलेलं असताना त्यात ब्लिचिंगचं पाणी गेलं, तर क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरणं, खोकला ही त्याची सुरुवात असते, आणि माणूस टाकीवर वाकून उभा असेल तर तेवढ्यावर भागत नाही. त्याला म्हटलं, "दादा, काहीच करू नका. पावडरचा डबा खोलीबाहेर ठेवा. उद्या नळ्यांची तोंडं उघडून स्वच्छ पाण्यानं सगळं धुवून काढा. पावडर तुम्हाला लागायचीच नाही." तो म्हणाला, "मग व्हिडिओत कशाला दिली?"

या प्रश्नाला माझ्याकडे त्या रात्री उत्तर नव्हतं. सकाळी व्हिडिओ पुन्हा पाहिला. आत मी सांगितलं होतं की पांढऱ्या थराला ॲसिड आणि शेवाळाला ब्लिचिंग. चुकीचं एकही वाक्य नव्हतं. चूक वरती होती. वर लिहिलं होतं: "ड्रीप साफ करण्याचे ७ जालीम उपाय (१००% खात्रीशीर)".

मथळ्याला मी तोवर पाटीइतकंच समजत होतो. दुकानावर एक असते, तशी व्हिडिओवर एक. सुरुवातीला माझ्या पाट्या फार सोज्वळ होत्या. "ठिबक देखभाल, भाग १." "ठिबक देखभाल, भाग २." भाग दोनला भाग एकपेक्षा कमी माणसं, भाग तीनला त्याहून कमी. मग पुतण्या सुट्टीत घरी आला. तो पुण्याला शिकतो. माझी यादी पाहून म्हणाला, "काका, हे शाळेच्या वहीवरचं लेबल झालं. आकडा टाका, कंस टाका, प्रश्न विचारा. माणूस थांबला पाहिजे." आणि खरंच माणसं थांबायला लागली. व्हिडिओ ज्यांना दाखवला गेला त्यातल्या किती जणांनी उघडला, हा टक्का यूट्यूब आपल्याला दाखवतं. निम्म्या चॅनेलांचा तो २ ते १० च्या मध्ये असतो, असं तेच सांगतं. माझा त्या पट्ट्याच्या तळाशी होता, तो वर सरकला. मी पुतण्याला भरीत-पुरीची पार्टी दिली.

तेव्हा आकड्याबद्दल आधी बोलतो, कारण फोन त्याच्यामुळे आला.

ठिबक चोक झालं तर साफ करायचे मार्ग किती? प्रामाणिकपणे मोजले तर तीन. नुसता गाळ असेल तर नळ्यांची शेवटची टोपणं काढून पाण्याच्या दाबानं धुणं. क्षाराचा पांढरा थर असेल तर ॲसिड. बुळबुळीत शेवाळ असेल तर क्लोरीन, म्हणजे ब्लिचिंग पावडर. झाले. पण तीन हा आकडा पाटीवर बारका दिसतो. पुतण्याचं म्हणणं पाच किंवा सात हवेत, विषम आकडा बरा चालतो. तीनाचे सात करायला मी जे चार शोधले ते आज वाचताना लाज वाटते. "चांगल्या प्रतीच्या नळ्या वापरा." "फिल्टर वेळोवेळी साफ करा." "पाणी तपासून घ्या." चौथा तर आता सांगत नाही, इतका भिकार होता.

भरीचा मुद्दा ओळखायची खूण मला नंतर सापडली. सातही मुद्दे एका ओळीत लिहून प्रत्येकापुढे लिहायचं की हे करायला शेतकरी शेतात जाऊन हातानं नेमकं काय करेल. "टोपण काढेल, वाहू देईल, पाणी निवळलं की लावेल." हे हातानं करण्याजोगं आहे. "चांगल्या प्रतीच्या नळ्या वापरा" यापुढे काय लिहिणार? त्याच्या नळ्या तीन वर्षांपूर्वीच जमिनीवर पसरल्यात. तो मुद्दा शेतकऱ्यासाठी आलेला नाही, आकड्यासाठी आलाय.

पण भर घातल्यानं जो खरा घोटाळा होतो तो कंटाळ्यापुरता नाही. आकडा लावला की सगळे मुद्दे एका रांगेत, एका उंचीचे होऊन उभे राहतात. पांढऱ्या थराचं ॲसिड आणि शेवाळाचं ब्लिचिंग हे दोन वेगळ्या दुखण्यांवरचे दोन वेगळे इलाज. मी त्यांना ३ आणि ४ असे नंबर दिले. तिसऱ्यानंतर चौथं येतं हे माणूस पहिलीत शिकतो. यावलच्या त्या दादांनी माझं ऐकलं नव्हतं असं नाही. त्यांनी माझ्या आकड्याचं ऐकलं.

आणि आकड्यामागचा शब्द. मराठीत आपण तो फार सैलपणे वापरतो. "७ पायऱ्या" म्हटलं की क्रम आला, एकही गाळायची नाही. "७ चुका" म्हटलं की त्यातली आपली कोणती हे शोधायचं. "७ पद्धती" म्हणजे एक निवडायची. "उपाय" मात्र यातलं काहीच सांगत नाही. एकापाठोपाठ एक करायचे? एक नाही चालला तर दुसरा? का सगळे मिळून? आजीचा काढा असतो तसे? घरगुती खोकल्याला हे चालून जातं. ॲसिड आणि क्लोरीनला चालत नाही.

तो व्हिडिओ मी काढून टाकला. मथळा बदलून भागलं असतं असं वाटेल, आणि मथळा बदलायला एक मिनिटही लागत नाही, व्हिडिओचा दुवाही तोच राहतो. पण आकडा फक्त पाटीत नव्हता. चित्रावर तो लाल अक्षरात छापला होता. सुरुवातीला मीच कॅमेऱ्यात बघून "आज आपण सात उपाय बघणार आहोत" म्हणालो होतो, आणि मग दर दोन मिनिटांनी बोट वर करून "उपाय नंबर चार". पाटी पुसता येते, बोट पुसता येत नाही. तेव्हापासून बोलताना मी आकडा उच्चारतच नाही.

नवा व्हिडिओ फक्त ॲसिडचा करायचा ठरला. त्यात पायऱ्या आहेत, खऱ्याखुऱ्या. आधी फिल्टर, मेन आणि नळ्या साध्या पाण्यानं धुवायच्या. मग आपल्या विहिरीचं एक लिटर पाणी घेऊन त्यात ॲसिड थेंबाथेंबानं टाकत पीएच पेपरवर ४ च्या आसपास येईपर्यंत मोजायचं की किती मिली लागलं. त्या मापानं प्लास्टिकच्या बादलीत द्रावण करायचं, आणि इथं नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. मग व्हेंचुरीनं, म्हणजे द्रावण नळीत ओढून घेणाऱ्या जोडानं, ते सोडायचं, शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरखाली पेपर धरला की तिथंही ४ दिसेपर्यंत. मग सगळं बंद करून २४ तास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी टोपणं उघडून धुवून काढायचं.

मोजा. सहा होतात.

पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, सात करा ना." मी म्हटलं, सात कुठून आणू? मग दोघांनी बसून पाहिलं. "द्रावण करणे" या पायरीच्या पोटात मी हातमोजे, चष्मा आणि धातूची बादली न वापरणं हे एका दमात उरकत होतो. ते फोडून आधीची स्वतंत्र पायरी केली. आता मान्य करायला हवं की ही पायरी हातानं करण्याजोगी आहे, आणि ती वेगळी केल्यापासून लोक मोजे मागायला दुकानात येतात. म्हणजे आकड्याच्या हट्टापायी एकदा मला चांगलंही काही सापडलं. उगाच आकड्याला सरसकट शिव्या घालू नयेत.

एक आकडा मात्र मी टाळला, आणि तोच सगळ्यात जास्त चालला असता. "एकरी किती लिटर?" हे काउंटरवर रोज विचारतात. "एकरी ५ लिटर ॲसिडमध्ये ठिबक नवं" असा मथळा केला असता तर माणसं तुटून पडली असती. पण एका विहिरीच्या पाण्याला लिटरमागे अर्धा मिली पुरतं, तर जरा जड पाण्याच्या बोअरला एक मिली लागतं. त्यात एकरात ड्रिपर किती, ताशी चार लिटरचे का आठचे, यावर ॲसिड सोडताना किती पाणी जाणार ते ठरतं. मोजणी हीच तर त्या व्हिडिओतली दुसरी पायरी आहे. मथळ्यातच उत्तर टाकलं की ती पायरी कोण करणार? पायऱ्यांचा आकडा माझ्या सांगण्याबद्दल असतो, तो मला माहीत असतो. लिटरांचा आकडा त्यांच्या विहिरीबद्दल आहे, आणि विहीर मी पाहिलेली नाही.

आता कंस.

लहानपणी कंसाशी माझी ओळख दोन ठिकाणी झाली. एक प्रश्नपत्रिकेत: "(कोणतेही पाच)". त्या कंसानं सहावा प्रश्न सोडायची परवानगी मिळायची. दुसरी एसटीच्या पाटीवर. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागायची, "धुळे – जळगाव", आणि खाली बारीक "(मार्गे पारोळा, एरंडोल)". अमळनेरला जाणारा माणूस पायरीवर पाय ठेवलेला असला तरी तो कंस वाचून खाली उतरायचा. मला वाटतं कंसाचं काम इतकंच आहे. ज्याची ही गाडी नाही त्याला ती सुटायच्या आधी उतरवणं.

माझे कंस बघा: "(१००% खात्रीशीर)", "(संपूर्ण माहिती)", "(नक्की पाहा)", "(शेवटपर्यंत बघा)". यातला एक तरी कंस वाचून कोणी खाली उतरेल का? ही गाडी सगळ्यांची आहे, सगळे चढा, असंच तो ओरडतोय. स्टँडबाहेरच्या काळीपिवळीवाल्यासारखा. तोही "लगेच निघतेय" म्हणतो आणि नऊ माणसं होईपर्यंत हलत नाही.

गंमत म्हणजे कंस चालतात हे ज्या अभ्यासावरून सगळे सांगतात, तो मुळात निराळंच सांगतो. हबस्पॉट आणि आउटब्रेन या दोन कंपन्यांनी तेहतीस लाख सशुल्क दुव्यांचे मथळे तपासले होते आणि कंसवाल्या मथळ्यांची कामगिरी ३८ टक्के सरस निघाली होती. पुतण्यानं तो आकडा मला दोनदा ऐकवला. पण त्या कंसांमध्ये होतं काय? मुलाखत, फोटो, व्हिडिओ असले शब्द. म्हणजे आत गेल्यावर काय हाती लागेल त्याचा खुलासा. शिवाय ते जाहिरातीतले दुवे होते, कामात अडकलेल्या माणसानं शोधलेली शिकवणी नव्हे. आपण खुलासा टाकून दिला आणि दोन चंद्रकोरी तेवढ्या उचलल्या.

कंसाची दुसरी अडचण जागेची. यूट्यूब मथळ्याला १०० वर्णांची मर्यादा देतं, आणि मोबाईलवर त्यातला सुरुवातीचाच भाग दिसतो, पुढे तीन टिंबं. कंस सवयीनं शेवटी जातो, म्हणजे आधी तोच कापला जातो. त्यात आपली लिपी. "प्रक्रिया" हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा आहे. मोजणारं यंत्र त्यात नऊ चिन्हं मोजतं, कारण हलन्त, काना, वेलांटी सगळं त्याच्या लेखी वेगवेगळं. "आम्ल प्रक्रिया" लिहायचं का "ॲसिड" हा प्रश्न शुद्धलेखनाचा वाटतो, पण फोनच्या पडद्यावर तो कंस दिसणार की नाही याचा असतो. तसंही आमच्या काउंटरवर "आम्ल प्रक्रिया" आजवर कोणी मागितलेली नाही.

म्हणून जे माणसाला उतरवणार आहे ते मी पुढे आणलं. "पांढरा थर" हे शब्द मथळ्याच्या पहिल्या चार-पाच शब्दांत यायला हवेत. थर पांढरा आहे, त्यावर ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो, तर ही तुमची गाडी. नसेल तर नाही.

राहिला प्रश्न. यात मी सगळ्यात उशिरा शहाणा झालो.

प्रश्नार्थक मथळ्यांवर इयन बेट्रिज नावाच्या ब्रिटिश पत्रकारानं २००९ मध्ये एक खवचट नियम सांगितला होता. ज्या मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे त्याचं उत्तर "नाही" असं देता येतं. तो बातम्यांबद्दल बोलत होता, पण माझ्या यादीत "तुमचं ठिबकच तुमच्या केळीला मारतंय का?" असा एक व्हिडिओ होता. नाही हो. नाही मारत. ड्रिपर अर्धवट बंद असेल तर शेवटच्या झाडांची वाढ मागे पडते, इतकंच. एका म्हाताऱ्या बापूंनी तो मथळा वाचून मला विचारलं होतं, "नळ्या काढून टाकू काय?" तेव्हा मी हसलो होतो. त्यांनी हसण्यासारखं काही विचारलं नव्हतं.

आणि मराठीतला "का" फार चकवा देतो. "ड्रीपला ॲसिड द्यायचं का?" आणि "ड्रीपला ॲसिड का द्यायचं?" एक शब्द मागेपुढे. पहिल्यात माणूस हो-नाहीचा निवाडा मागतोय, त्याच्या नळीत थर आहे की नाही हेच त्याला ठरवायचंय. दुसऱ्यात त्याला कारण हवंय. तो बहुधा विद्यार्थी आहे, शेतकरी नाही. मी पहिला मथळा देऊन आत दुसऱ्याचं उत्तर दिलं होतं. सहा मिनिटं क्षार, पाण्याचा पीएच, कॅल्शियम कार्बोनेट. निवाडा शेवटच्या अर्ध्या मिनिटात. बघणाऱ्यांचा आलेख दुसऱ्या मिनिटालाच धबधब्यासारखा पडला होता आणि मी म्हणत होतो की लोकांना शास्त्र नको असतं.

खरा प्रश्न कसा असतो ते काउंटरवर ऐकायला मिळतं. कोणीच "ठिबक सिंचन संच अकार्यक्षम झाला आहे का?" असं विचारत नाही. "भाऊ, शेवटना झाडले पानी येत नही." यात प्रश्नचिन्ह नाहीच. तक्रार आहे, पण जागा अचूक सांगितली आहे. पहिल्या झाडाला येतंय, शेवटच्याला नाही. आता पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे मी याचं "शेवटच्या झाडाला पाणी का येत नाही?" केलं, तेव्हा ते खपून गेलं, कारण प्रश्न माझा नव्हता, समोरच्याचा होता. "मारतंय का?" हा माझा होता, त्याच्या तोंडात कोंबलेला. मथळ्यातला प्रश्न कोणी मोठ्यानं विचारलेला मला आठवत नसेल, तर तो मी विचारायचा नाही, असं सध्या ठरवलंय. पाळतोच असं नाही.

एक गोष्ट मात्र एकेकटा मथळा बघून कळली नसती. दिवाळीत पुतण्यानं माझी सगळी यादी दुकानातल्या टीव्हीवर लावली. एकाखाली एक: ५ चुका (नक्की टाळा), ७ उपाय (१००%), हे केलं का? ३ गुपितं (कोणी सांगत नाही), ९ टिप्स, तुम्हीही हीच चूक करताय का? प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की आज जरा वेगळं लिहिलंय. एकत्र वाचल्यावर शाळेच्या संचलनासारखं वाटलं, सगळे एका गणवेशात, एका पायावर. आणि मीच लिहिलेल्या यादीत मला पीएच पेपरचा व्हिडिओ शोधता येईना. कोणत्या गुपितात तो होता कोण जाणे. पुतण्याही गप्प होता. थोड्या वेळानं म्हणाला, "काका, यातले निम्मे मीच सुचवलेत ना?" मी म्हटलं, पार्टी परत दे.

ॲसिडचा नवा व्हिडिओ या नावानं लावला: "ड्रिपरवर पांढरा थर: ॲसिड सोडायच्या ७ पायऱ्या (शेवाळ असेल तर हा नाही)". शेवाळाचा वेगळा केला, त्याच्या मथळ्यात आकडा नाही, कारण तिथं सगळं काम ब्लिचिंगचं पाणी निवळून घेण्यात आहे आणि ते पायऱ्यांत मोडत नाही. ॲसिडच्या या व्हिडिओचा उघडण्याचा टक्का जुन्या "जालीम उपायां"पेक्षा खाली आहे. उघडणारे मात्र आता २४ तास थांबायच्या पायरीपर्यंत टिकतात.

परवा दुकानात एक पोरगा आला, धरणगावकडचा, कापसाला ठिबक लावलेला. हातात नळीचा वीतभर तुकडा. मी दुसऱ्या गिऱ्हाईकाचे जोड मोजत होतो, म्हटलं बस, तोवर हा व्हिडिओ बघ, आणि मोबाईल पुढे केला. त्यानं मथळा ओठ हलवत वाचला, कंसापर्यंत गेला, नळीचा तुकडा उजेडात धरून आत पाहिलं, बोटानं हिरवा गाळ काढला आणि मोबाईल परत माझ्याकडे सरकवला.

"हा आपला नाही, काका. शेवाळवाला द्या."